मावशींचं नाव कोळ्याला देताना

नान्नजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक माळरान आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं, गावचं गायरान. कुसळी गवत, पसरट काळे दगड, मधूनच एखादी बोर. सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यापासून मी तिथं जाते आहे. तिथंच मेंढरं राखणाऱ्या एका मावशींनी चार वर्षांपूर्वी मला हाताला धरून एका दगडापाशी नेलं. "ह्यो बघ, कवाधरनं बघतीया मी. उडी मारतोय, पण जाळं काय इणत न्हाई." दगडाखाली चार मिलिमीटरचा, राखी रंगाचा, पाठीवर दोन पांढरे पट्टे असलेला कोळी होता. उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, हे बघताक्षणी कळलं. त्यापुढचं काहीच कळलं नाही.

तो नवीन असल्याची खात्री व्हायला अडीच वर्षं गेली. कोळ्यांची जात रंगावरून ठरत नाही. नराच्या तोंडाजवळचा पॅल्प आणि मादीच्या पोटाखालचा जननेंद्रियाचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. आमच्याकडे पहिली दोन वर्षं फक्त माद्याच होत्या. पूर्ण वाढलेला नर ऑगस्टच्या दोन-तीन आठवड्यांतच दिसतो, हे मला माहीत नव्हतं. ते मावशींना माहीत होतं. पावसानंतर "बारकं काळं तोंडाचं" दिसतं असं त्या सांगत होत्या आणि मी ते वेगळ्या जातीचं पिल्लू समजत होते. नर हाती आल्यावर पुण्यातला एक मित्र, केरळमधली एक अभ्यासक आणि मी अशा तिघांनी मिळून जवळच्या सगळ्या ज्ञात जातींशी तुलना केली. मग लेख लिहायला घेतला.

इथं लिहायचं आहे ते नावाबद्दल. हा लेखातला सर्वांत सोपा भाग असेल असं मला वाटलं होतं. मावशींनी कोळी दाखवला, नर कधी सापडतो हेही त्यांनीच सांगितलं, मग नाव त्यांचंच. तिघांनाही हे मान्य होतं. प्रत्यक्षात त्या एका शब्दाला सात महिने लागले.

पहिली अडचण बाहेरून आली. एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना बातमी कळली आणि नाव एका मोठ्या साहेबांचं द्यावं, पुढच्या कामाला निधी मिळेल, असा निरोप आला. नियमांनी हे अडत नाही. नाव कोणाचंही देता येतं आणि देणगीदारांची नावं दिलेल्या जाती जगात आहेत. मला ते नको होतं, आणि त्याचं कारण फक्त मावशींवरची माया एवढंच नव्हतं. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. त्या संहितेप्रमाणे एकदा रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव माणूस पुढे कसाही निघाला तरी काढता येत नाही. स्लोव्हेनियाच्या गुहांमधल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला 1937 साली हिटलरचं नाव देण्यात आलं. तेव्हा हिटलर जिवंत होता आणि नाव देणाऱ्याला त्याचं कौतुक होतं. ते नाव आजही कायम आहे. त्या नावापायी हिटलरच्या वस्तू जमवणारे लोक तो भुंगेरा शोधत फिरतात आणि बिचारा किडा त्यामुळे संकटात आहे. अशी नावं बदलावीत अशी मागणी बरीच झाली, पण नावांची स्थिरता जास्त महत्त्वाची आहे असं सांगून नामकरण आयोगानं 2023 मध्ये तिला नकार दिला.

म्हणूनच जिवंत माणसाचं नाव देताना प्रत्येक शास्त्रानं आपापला रिवाज ठरवला आहे. चंद्रावरच्या विवराला माणसाचं नाव द्यायचं तर तो माणूस जाऊन निदान तीन वर्षं व्हावी लागतात. मूलद्रव्यांच्या बाबतीत जिवंत माणसांना हा मान फार क्वचित मिळाला: 1997 मध्ये ग्लेन सीबोर्ग आणि 2016 मध्ये युरी ओगानेस्यान. प्राण्यांत अशी कोणतीच अट नाही. सालिम अलींच्या नावाचं फळवाघूळ 1972 मध्ये जाहीर झालं, तेव्हा सालिम अली हयात होते. पुढे पंधरा वर्षं ते आपलं नाव असलेला प्राणी जगात आहे हे जाणून होते. ठाणे-कल्याण भागातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळेंचं नाव दिलं गेलं, ते अर्थातच मरणोत्तर. नियमानं दोन्ही सारखंच. अट नसल्यामुळे सगळी जबाबदारी नाव देणाऱ्यावर येते.

लेखकानं स्वतःचं नाव देऊ नये, असाही एक संकेत आहे. तोही लिखित नियम नाही, तरी बहुतेक सगळे पाळतात. आमच्या माळावर एक छोटा चंडोल दिसतो. इंग्रजीत त्याला कर्नल साइक्सचं नाव आहे. दख्खनची पाहणी करणाऱ्या याच साइक्सनं 1832 मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण केलं आणि जातीचं नाव 'देवा' ठेवलं. साइक्सचं नाव इंग्रजी बोलीनामात आहे, शास्त्रीय नावात नाही. हा फरक मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. बोलीनाव बदलता येतं. अमेरिकेतल्या पक्षिशास्त्र संस्थेनं 2023 मध्ये आपल्या भागातल्या पक्ष्यांची माणसांवरून आलेली इंग्रजी नावं बदलायचं ठरवलं. शास्त्रीय नावांना त्यांनी हात लावला नाही, आणि तो त्यांचा अधिकारही नव्हता.

दुसरी अडचण मावशींची संमती. संहितेच्या परिशिष्टात नैतिक आचाराचे मुद्दे आहेत. कुणाच्या भावना दुखावतील असं वाटत असेल ते नाव देऊ नये, असं त्यात आहे. माणसाला विचारलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. पण न विचारता हे कसं करायचं? मी दुपारी त्यांच्या घरी गेले. भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात आली. मी विषय काढला.

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मेल्यावर नाव ठिवत्यात गं पोरी. जित्या मान्साचं कशाला?"

मी सालिम अलींचं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "ईख हाय का त्येला?" माणसाला बाधेल असं विष नाही, हे मी खात्रीनं सांगू शकले. त्यांचं समाधान झालं. उंबऱ्यात बसलेल्या त्यांच्या मुलाचं झालं नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता आणि माझ्या मनातही आला नव्हता: "मॅडम, कोळ्याचं नाव झालं की आमचं रान जाणार का?"

ज्याला सोलापूर माहीत नाही त्याला हा प्रश्न विचित्र वाटेल. 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. त्यात शेती होती, गावं होती, बाजाराच्या पेठा होत्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर एक पिढी या कागदांत अडकून गेली होती. इथल्या माणसाला 'दुर्मीळ प्राणी सापडला' म्हणजे काय होतं हे अनुभवानं ठाऊक आहे.

मी त्याला जे खरं आहे ते सांगितलं. जातीला नाव देणं ही फक्त शास्त्रातली नोंद आहे, त्यातून प्राण्याला वा जमिनीला कोणताही कायदेशीर दर्जा मिळत नाही. संरक्षण हे वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीनं आणि शासनाच्या अधिसूचनेनं मिळतं, तो वेगळा रस्ता आहे. जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवावी लागते आणि नमुने तिथं जमा करावे लागतात. आमचे नमुने त्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जाणार होते. एवढंच बंधन, आणि तेही आमच्यावर. मात्र ठिकाणाचं नाव लेखात येणार, ते टाळता येत नाही, कारण मूळ नमुना कुठून घेतला हे सांगावंच लागतं. पुढे कोणी अधिकारी ते वाचून काय करील याची हमी मी देऊ शकत नाही. हे शेवटचं वाक्य मी गिळून टाकू शकले असते. गिळलं नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच त्यांनी विश्वास ठेवला. आठ दिवसांनी फोन आला. मावशी होत्या. "ठिव म्हणं. पन नीट लिव्ह."

नीट लिहायचं म्हणजे काय, ही तिसरी अडचण. सर्वांत जास्त मी यातच शिकले.

माणसावरून आलेलं जातीचं नाव बहुधा लॅटिनच्या षष्ठीत असतं. आपण शाळेत 'रामस्य' पाठ केलं, मराठीत 'चा, ची, चे' लावतो, तसंच हे. नाव म्हणजे 'अमक्याचा कोळी'. संहितेच्या 31.1.2 या कलमात आजच्या काळातल्या माणसांच्या नावांसाठी प्रत्यय दिले आहेत. पुरुष असेल तर `-i`, स्त्री असेल तर `-ae`. अनेक पुरुष किंवा स्त्री-पुरुष मिळून असतील तर `-orum`, आणि सगळ्या स्त्रिया असतील तर `-arum`. तुकाराम या नावाला `-i` लावून `tukarami` झालं. सालिम अलींच्या नावात शेवटी आधीच एक आय होता, त्याला दुसरा जोडून `salimalii` झालं. प्रत्यय न लावता नाव जसंच्या तसं ठेवायचीही मुभा आहे. एका कोळ्याचं जातीनाव `sachintendulkar` असंच आहे, कारण तिथं ते षष्ठीत नसून नुसतं जोडून ठेवलेलं नाम आहे.

आमच्या पहिल्या मसुद्यात मावशींच्या नावाला `-i` लागला होता. तो मीच लावला होता. आजवर वाचलेल्या बहुतेक लेखांत `-i` होता, कारण बहुतेक नावं पुरुषांची होती. शिवाय मराठी कानाला शेवटची 'ई' बाईचीच वाटते: मुलगी, मावशी, राणी. लॅटिनमध्ये ते नेमकं उलटं आहे. आम्ही तिघांनी तो मसुदा वाचला, तिघांनाही चूक दिसली नाही. ती दाखवली नियतकालिकाच्या एका परीक्षकानं. नावाच्या व्युत्पत्तीच्या परिच्छेदात आम्ही 'एका मेंढपाळ स्त्रीच्या सन्मानार्थ' असं लिहिलं होतं. त्यानं एकच ओळ लिहिली: स्त्री असेल तर प्रत्यय पुरुषाचा का? छापून आल्यावर अशी चूक दुरुस्त करायची की मूळ रूप तसंच ठेवायचं, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. मावशींच्या नावावर तो वाद व्हायला नको होता. प्रत्यय बदललाच, आणि व्युत्पत्तीत हे नाम स्त्रीच्या नावावरून षष्ठीत केलं आहे, असं स्पष्ट वाक्यही घातलं. असं वाक्य असलं की पुढच्या माणसाला अंदाज करावा लागत नाही. पुढे कोणी हा कोळी दुसऱ्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या दुसऱ्या गटात, हलवला तरी षष्ठीतलं नाव बदलत नाही. विशेषण असतं तर प्रजातीच्या लिंगाप्रमाणे त्याचा शेवट बदलावा लागला असता.

मग स्पेलिंग. मावशींच्या नावात 'ळ' आहे. संहिता फक्त लॅटिन वर्णमालेची अक्षरं चालवते, वर-खाली चिन्हं किंवा टिंबं चालत नाहीत. म्हणजे 'ळ' गेला, त्याच्या जागी साधा `l`. याचं मला वाईट वाटलं, पण मार्ग नाही. पुढचा स्वर एक `a` की दोन? आधार कार्डावर एक होता. बँकेच्या पासबुकात दोन होते. रेशन कार्डावर देवनागरीच होती, म्हणून तिथं प्रश्नच नव्हता. शेवटचं 'बाई' घ्यायचं की नाही? घेतलं आणि `-ae` जोडलं तर चार स्वर एकापुढे एक येतात, परदेशातला माणूस सोडाच, पुण्यातलाही अडखळेल.

इथं मी आधी निष्काळजी होते. एखादं अक्षर चुकलं तर नंतर सुधारू, असं वाटत होतं. मग कलम 32.5.1 वाचलं. लेखातूनच उघड दिसणारी नजरचूक, म्हणजे छपाईची किंवा लिहिण्याच्या ओघातली, सुधारता येते. पण दुसऱ्या लिपीतून आणताना किंवा लॅटिन रूप देताना झालेली चूक ही नजरचूक मानली जात नाही. म्हणजे मराठी नाव रोमन अक्षरांत मी जसं पहिल्यांदा छापीन तसंच ते राहणार, चुकलं असेल तर चुकलेलंच. ज्यांची लिपी रोमन आहे त्यांच्या नावाला हा धोका तेवढा नाही. आपल्या प्रत्येक नावाला आहे.

म्हणून मी पुन्हा माळावर गेले. आधार आणि पासबुक दोन्ही समोर ठेवलं. मावशींना वाचता येत नाही. त्यांची सातवीतली नात दोन्ही स्पेलिंगं मोठ्यानं वाचू लागली. आजीला कुठला उच्चार आपला वाटतो ते ती विचारत होती. एक `a` वाचला की आजीचं नाव दुसऱ्याच बाईचं झाल्यासारखं वाटत होतं. दोन `a` ठरले. 'बाई' वगळायला मावशींनी लगेच होकार दिला. "म्हायेरात मला बाई कोन म्हनत हुतं?" नातीनं विचारलं, शेवटी हे `ae` कशाला? मी म्हटलं, तुझ्या आजीचा कोळी, त्यातला 'चा'.

दुरुस्त लेख मान्य झाला आणि मग ऑनलाइन नोंदणी. आमचं नियतकालिक छापील निघत नाही. 2012 पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या लेखातलं नाव ग्राह्य धरायचं तर लेख प्रसिद्ध होण्याआधी त्याची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद असावी लागते आणि ती नोंद झाल्याचा पुरावा लेखातच द्यावा लागतो. हे राहिलं तर लेख कितीही चांगला असो, नाव अस्तित्वातच येत नाही. मित्रानं नोंद केली, क्रमांक आला, आम्ही तो लेखात टाकला.

मागच्या महिन्यात प्रसिद्धीआधी तपासायचं मुद्रित आलं, तेव्हा मी एक गोष्ट केली जी आता सगळ्यांना करायला सांगते. जुनं स्पेलिंग शोधपेटीत टाकून पूर्ण फाइल शोधली. ते तीन ठिकाणी निघालं! दोन आकृत्यांच्या खाली आणि एका तक्त्यात. तिथं अजून `-i` होता. आकृत्यांचा मजकूर आम्ही पहिल्या मसुद्याबरोबर केला होता, तो कोणी उघडलाच नव्हता. एकाच मूळ लेखात नाव दोन प्रकारे छापलं गेलं तर दोन्ही रूपं मूळच ठरतात. मग पुढे त्यांचा एकत्र उल्लेख करून पहिल्यांदा निवड करणारा लेखक जे निवडेल ते खरं. तो जर्मनीतला असेल, ब्राझीलमधला असेल, त्याला पासबुक आणि ती नात कुठून माहीत असणार? तिन्ही जागा दुरुस्त केल्या. मग मनात आलं म्हणून झूबँकची नोंद उघडली. तिथंही जुनंच होतं. तीही बदलून घेतली.

नाव मी इथं लिहिलेलं नाही, कारण लेख अजून प्रसिद्ध झालेला नाही. वर्णनाशिवाय नाव आधी बाहेर पडलं तर त्याला शास्त्रात काही किंमत नसते, नुसता गोंधळ वाढतो, आणि दुसरं कोणी ते उचलून वापरू शकतं. आमच्याच एका परिचितानं कौतुकापोटी ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलं होतं. मी रात्री अकरा वाजता फोन करून ते काढायला लावलं. ते नाराज झाले, अजून आहेत.

मुद्रिताच्या पहिल्या पानाची प्रत मी मावशींकडे नेली. नातीनं नाव शोधून त्याखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचलं. मावशींनी पान उलटंसुलटं करून कोळ्याचा फोटो बघितला आणि म्हणाल्या, "ही मादी दिस्तीया. नराचा कुठं हाय?" नराचा फोटो चौथ्या पानावर होता. पुढच्या खेपेला ते पान न्यायचं आहे.